गठ्ठा कोण सोडतं?

प्रयोगशील मराठी शाळा शिक्षक हवेत म्हणून जाहिरात देतात तेव्हा बायोडेटासोबत एक पत्रही मागतात. अनुदानित शाळांची भरती पवित्र पोर्टलमधून होते आणि तिथे परीक्षेतल्या गुणांवर बरंच ठरतं. या छोट्या शाळांत मात्र पहिली चाळणी त्या एका पानाची असते. त्या पानात काय लिहावं यावर शिक्षकांत दोन मतं आहेत. पुढचा संवाद मी दोन्ही बाजूंच्या अनेकांच्या बोलण्यावरून रचला आहे. त्यातले सर एका मोठ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. गणित शिकवतच त्यांचा जन्म गेला आणि निवड समित्यांवरही ते बरंच बसले. मॅडम अध्यापक विद्यालयात गणिताचं अध्यापन शिकवतात.

दोघांपुढे एका तरुण शिक्षिकेच्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. ती डी.एल.एड. झाली आहे, टीईटी उत्तीर्ण आहे आणि दोन वर्षं दुसरीचा वर्ग घेते. ज्या शाळेत अर्ज करायचा तिच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी ठळकपणे म्हटल्या आहेत : मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, चूक ही मुलाच्या विचाराची खूण आहे, म्हणून ती पुसायची घाई करत नाही, आणि चौथीपर्यंत गुणांऐवजी वर्णनात्मक नोंदी ठेवतो. मसुद्यातला मुख्य परिच्छेद असा :

‘आपल्या शाळेचा ज्ञानरचनावादी दृष्टिकोन मला अतिशय भावला. मूल स्वतः ज्ञानाची रचना करते या पियाजेच्या विचारावर माझा ठाम विश्वास आहे. मी वर्गात कृतियुक्त, आनंददायी व बालकेंद्री पद्धतीने शिकवते. शैक्षणिक साहित्याचा भरपूर वापर करते. उदा. वजाबाकीसाठी मी काड्या व गठ्ठे वापरते.’

सर : मॅडम, हा परिच्छेद काढून टाका. पदविका, टीईटी, अनुभव, कोणत्या इयत्ता घेतल्या, कधी रुजू होता येईल, एवढं लिहा आणि खाली सही करा. समितीपुढे अर्जांचा ढीग असतो. शिकवता येतं की नाही हे नमुना पाठात दिसतंच.

मॅडम : नमुना पाठाला कुणाला बोलवायचं हे मात्र या पानावरूनच ठरतं ना, सर? पदविका आणि टीईटी तर सगळ्यांचीच असते.

सर : मग हा परिच्छेदही सगळ्यांचाच असतो! ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ आला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द प्रत्येक प्रशिक्षणात शिरला. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर तर शाळांच्या फरश्यांवरसुद्धा अंक आणि अक्षरं रंगवली गेली. आता कुणीही उठतो आणि बालकेंद्री, कृतियुक्त, आनंददायी असं लिहितो. शाळेचं पत्रक उघडायचं, त्यातले शब्द उचलायचे आणि ते शाळेलाच परत पाठवायचे. मला ही खुशामत वाटते.

मॅडम : परिच्छेद वाईट आहे, हे मला मान्य. फक्त औषध वेगळं सुचवते. पहिली चार वाक्यं काढू आणि शेवटचं ठेवू. काड्या आणि गठ्ठे. पूर्ण परिच्छेदात तिच्या स्वतःच्या वर्गातलं तेवढंच आहे.

सर : त्या काड्यांनीच तर मला जास्त काळजी वाटते. मी वर्ग पाहिलेत ना. बाई म्हणतात, ‘चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या घ्या. आता एका गठ्ठ्याचं रबर काढा. सुट्ट्या किती झाल्या? तेरा. त्यातून सात बाजूला ठेवा.’ अख्खा वर्ग एकदम रबर काढतो. फळ्यावर जी हातच्याची रीत पाठ करून घ्यायची, तीच इथे काड्यांनी पाठ करून घेतली. साहित्य आहे, कृती आहे, पोरं खूशही आहेत. यात ज्ञानाची रचना कुणी केली? बाईंनी.

मॅडम : सर, पत्रात नेमकं हेच यायला हवं.

सर : काय? बाईंनी रचना केली हे?

मॅडम : गठ्ठा सोडायचा हे कोण ठरवतं, हे. कॉन्स्टन्स कामी यांनी पियाजेच्या विचारावर लहान मुलांच्या अंकगणिताचं मोठं काम केलं. १९८५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा हाच होता की संख्या वस्तूंमध्ये नसते, मूल ती मनात संबंध जोडून घडवतं. म्हणजे गठ्ठ्याला रबर लावलं म्हणून मुलाच्या डोक्यात दशक तयार होत नाही. सात काढायचे आहेत आणि समोर सुट्ट्या तीनच आहेत, या अडचणीशी मूल स्वतः थांबलं तर काही होण्याची शक्यता असते. बाईंनी ‘रबर काढा’ म्हटलं की ती अडचण संपली. शाळा म्हणते मूल स्वतः रचतं. मग तुम्ही काड्या वापरता की नाही यात शाळेला फारसा रस नसेल. अडचण आली त्या क्षणी तुम्ही बोललात की गप्प राहिलात, हे तिला कळायला हवं. आमच्या या मुलीच्या पत्रात ते कुठेच नाही.

(मला मॅडमचं हे म्हणणं या सगळ्या चर्चेचा कणा वाटतं. साधनाचं नाव आणि विचाराचं नाव शेजारी ठेवलं म्हणजे दोघांचा संबंध जोडला, असं बहुतेक अर्जदार मानतात. वर सरांनी सांगितलेल्या वर्गातही दोन्ही नावं लागू पडतातच.)

सर : ती गप्प राहते कशावरून?

मॅडम : तेच मी तिला विचारलं. म्हटलं, वजाबाकीचा एक तास मला जसा झाला तसा सांग. तिने सांगितलं आणि मग तिच्याकडून हे लिहून घेतलं. वाचा.

‘दुसरीच्या वर्गाला मी ४३ – २७ हे उदाहरण देते आणि काड्या हातात देण्याआधी उत्तरं विचारते. मुलांची उत्तरं बहुधा तीन प्रकारची येतात : २४, २६ आणि १६. तिन्ही मी फळ्यावर लिहिते आणि कोणतं बरोबर ते सांगत नाही. मग चार-चार मुलांच्या गटाला दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या देते व सत्तावीस काड्या मला आणून द्यायला सांगते. गठ्ठा सोडा असे मी म्हणत नाही. काही गट दोन गठ्ठे आणि तीन काड्या घेऊन येतात आणि “चार कमी पडतात” असे सांगतात. मी विचारते, “मग ते चार कुठून आणाल?” आपल्याजवळ किती उरल्या हे प्रत्येक गट मोजतो आणि फळ्यावरच्या उत्तरांशी ताडून पाहतो. २४ व २६ ही उत्तरं कशी आली असतील, हे नंतर मुलंच एकमेकांना सांगतात. दुसऱ्या दिवशी काड्यांशिवाय ६० – २५ हे उदाहरण वहीत सोडवायला देते आणि कुणाची कोणती चूक राहिली याची नोंद ठेवते.’

सर : हं. हे बरं आहे. चोवीस म्हणजे लहान अंक मोठ्यातून वजा केला. वर कोण खाली कोण हे पाहिलंच नाही, सातातून तीन गेले चार आणि चारातून दोन गेले दोन.

मॅडम : आणि सव्वीस?

सर : दशक मोडला, तेरातून सात गेले सहा. पण दशकाच्या घरात चार तसेच राहिले, तीन झाले नाहीत. चारातून दोन गेले दोन. या दोन्ही चुका मी शेकडो वह्यांत पाहिल्यात.

मॅडम : ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशाच चुकांवर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, मुलं आंधळेपणाने चुकत नाहीत. बहुतेकदा ती एक चुकीचा नियम नेमाने पाळतात. म्हणून उत्तर पाहून नियम ओळखता येतो. आता शाळेच्या पत्रकातलं दुसरं वाक्य आठवा. चूक ही विचाराची खूण. ते वाक्य तिच्या फळ्यावर घडतंय की नाही?

सर : घडतंय. पण थांबा. दुसऱ्या दिवसाचं उदाहरण तिने चुकीचं निवडलंय.

मॅडम : ते कसं?

सर : साठ वजा पंचवीस. लहान अंक मोठ्यातून काढणारं मूल काय करेल? पाचातून शून्य गेलं पाच, सहातून दोन गेले चार. पंचेचाळीस. दशक मोडून पुढचा अंक कमी करायला विसरणारं मूल? दहातून पाच गेले पाच, सहातून दोन चार. पुन्हा पंचेचाळीसच. दोन वेगळ्या चुका आणि उत्तर एकच. वहीत पंचेचाळीस दिसलं तर तिला काय कळणार? नोंद कसली ठेवणार ती?

मॅडम : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सर : एककाच्या घरात वरच्या आणि खालच्या अंकात पाचाचा फरक आला की हे होतंच. त्रेचाळीस-सत्तावीसमध्ये फरक चाराचा होता, म्हणून चोवीस आणि सव्वीस वेगळे पडले. दुसऱ्या दिवशी बावन्न वजा अठरा द्या. पहिली चूक असेल तर शेहेचाळीस येईल, दुसरी असेल तर चव्वेचाळीस, आणि बरोबर असेल तर चौतीस. वही न बोलता सांगते. शून्याचं उदाहरण तर इतक्या लवकर देऊच नये. शून्याला मुलं वेगळीच अडखळतात, ती तिसरी चूक यात मिसळते.

मॅडम : सर, तुम्ही आत्ता काय केलंत सांगू? दहा मिनिटांपूर्वी हा परिच्छेद काढा म्हणत होतात. पहिल्या मसुद्याला तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. या परिच्छेदातलं एक उदाहरण तुम्हाला खटकलं आणि तुम्ही तिच्या वर्गात जाऊन उभे राहिलात. निवड समितीतल्या गणिताच्या बाईंचंही असंच होईल.

सर : आणि त्या बाईंनी ही चूक पकडली तर? पोरगी तोंडावर पडेल.

मॅडम : म्हणून आपण उदाहरण बदलू. पण समजा पकडली, तरी त्यावर ती काय बोलते हे पाहायला मिळेल. ज्या शाळेला मुलांच्या चुकीतून विचार वाचायचा आहे तिला शिक्षिकेचाही वाचावासा वाटेल.

सर : वाटेल किंवा नाही वाटणार. माणसं पत्रकात लिहितात एक आणि मुलाखतीत वागतात दुसरं. ते राहू द्या. आता मला सांगा, हे सगळं शाळेच्या धोरणाशी जोडायचं कसं? ‘आपल्या शाळेचं आणि माझं किती जुळतं’ असलं वाक्य मला नको आहे.

मॅडम : मलाही नको. तीन गोष्टींपैकी एकच घ्यायची. तिन्ही घेतल्या की पुन्हा पत्रकाची नक्कल होते. पद्धत आधी सांगायची आणि शाळेचं नाव तिच्यानंतर घ्यायचं, एका वाक्यात. असं काही : ‘चूक पुसण्याची घाई करू नये, असे आपल्या माहितीपत्रकात वाचले. फळ्यावर तिन्ही उत्तरं तशीच ठेवण्यामागे माझा हेतू तोच असतो. त्या वीस मिनिटांत मी बरोबर उत्तराला मान डोलावली, तर पुढची चर्चा होतच नाही.’ त्यात कौतुक नाही. शाळेचं म्हणणं तिच्या कामात नेमकं कुठे येतं आणि कशाने बिघडतं, तेवढं आहे.

सर : मान डोलावण्याचं खरं आहे. पोरं उत्तराकडे बघतच नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. ते वाक्य ठेवा. मात्र ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द तरी कुठे येऊ दे. समितीत एखादा जुना माणूस असतो, तो शब्द शोधतो.

मॅडम : बायोडेटात प्रशिक्षणांच्या यादीत आहे तो. पत्रात नको. पियाजे पण नको. हे सगळे शब्द काढूनही शाळेचा दृष्टिकोन या परिच्छेदात दिसतो का, अशी परीक्षा मी विद्यार्थ्यांना घ्यायला सांगते. दिसत नसेल, तर शब्द घालून तो येणार नाही.

इथपर्यंत दोघं बरेच जवळ आले होते. शेवटच्या परिच्छेदावर मात्र त्यांचं जमलं नाही, आणि तो वाद मला खरा वाटतो. शिक्षिकेने लिहिलं होतं :

‘या पद्धतीला दोन तास लागतात आणि एवढ्या वेळात एकच उदाहरण होते. शिवाय गटात एखादे चटपटीत मूलच गठ्ठा सोडते आणि बाकीचे पाहत राहतात, हे मी अनुभवले आहे. म्हणून आता प्रत्येक फेरीला काड्या हाताळणारे मूल बदलते. तरीही काही मुलं दुसऱ्या दिवशी वहीत जुनीच चूक करतात. त्यांना मी वेगळे बसवून सुट्टे पैसे आणि दहाच्या नोटा घेऊन दुकानाचा खेळ घेते.’

सर : हे कशाला? नोकरी मागायला गेलोय की कबुली द्यायला? संस्थाचालक एवढंच वाचतील, दोन तासांत एक उदाहरण. अभ्यासक्रम कधी संपणार?

मॅडम : अशा शाळेला ते आधीच माहीत असतं. या पद्धतीने शिकवणाऱ्या कुणालाही दोन तास लागतातच. लागत नाहीत असं कुणी लिहिलं तर मला शंका येईल की त्याने ती वापरलीच नाही. गटातलं एकच मूल सगळं करतं, ही गोष्ट तर वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिच्या अनुभवाचा पुरावा कुठल्या प्रमाणपत्रापेक्षा या ओळीत जास्त आहे.

सर : पुरावा मुलाखतीत द्यावा. विचारलं तर सांगावं. कागदावर गेलेलं परत घेता येत नाही.

मॅडम : विचारतील तेव्हा ना? कागदावर नसेल तर विचारणार कसं?

सर : मी दोन तासांचं वाक्य काढीन. मूल बदलण्याचं ठेवीन, कारण त्यात तिने उपाय केलाय. दुकानाचा खेळही राहू दे.

मॅडम : दोन तासांचं वाक्य काढलं, तर उपाय कशावर केला हेच कळत नाही.

सर : तुमचं तुम्ही ठेवा. मी माझं मत सांगितलं. मोठ्या संस्थेत अर्ज करायचा असता तर मी हे वाक्य काढायला लावलंच असतं.

मॅडम : मोठ्या संस्थेसाठी मीही हा परिच्छेद असा लिहू दिला नसता. हे पत्र एका शाळेचं आहे. दुसरीकडे पाठवायचं तर पद्धतच वेगळी निवडावी लागेल. समजा एखाद्या शाळेने पत्रकात मुलांच्या घरच्या बोलीवर भर दिला असेल, तर तिथे वजाबाकी काय कामाची? तिथे मूल आपल्या बोलीत जे सांगतं ते बाई फळ्यावर लिहितात आणि त्यावरूनच वाचन घेतात, असं काही तिने केलं असेल तर ते लिहावं. केलं नसेल, तर अर्जच करू नये.

सर : ही मागणी तुम्ही जास्तच करताय. नोकरी नसलेल्या पोरीला अर्जच करू नको म्हणणं सोपं नाही.

मॅडम : खरंय. मग अर्ज करावा, पण साधा. तुम्ही म्हणता तसा. पदविका, टीईटी, अनुभव. न वापरलेली पद्धत वापरली म्हणून लिहू नये. नमुना पाठात ती पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

सर : यावर आपलं एकमत. आता नमुना पाठाचं बघा. शाळा दुसरीचाच वर्ग देईल कशावरून? तिसरी दिली तर?

मॅडम : तर तीन अंकी वजाबाकी. चारशे तीन वजा एकशे सत्तावीस घेता येईल. एककात तीनातून सात जात नाहीत, दशकाकडे जावं तर तिथे शून्य. शतक मोडल्याशिवाय गत्यंतर नाही. ते मुलांना सुचतं का, हे पाहण्यासारखं असतं.

सर : उत्तर दोनशे शहात्तर. चांगलं आहे, पण काड्या किती लागतील ते मोजलंय का? एका गटाला चारशे तीन. आठ गट म्हटले तरी तीन हजार दोनशे चोवीस. अहो, कुठून आणणार एवढ्या?

मॅडम : मग तीन गट करू. किंवा एकाच गटाने टेबलावर करायचं आणि बाकीच्यांनी पुढे काय करावं ते सांगायचं.

सर : एकच गट. पस्तीस मिनिटांच्या तासात तेवढंच होईल. खराट्याच्या काड्या एकसारख्या कापून घ्या, आइस्क्रीमच्या काड्यांचे शंभराचे गठ्ठे हातात मावत नाहीत. आणि शंभराचा गठ्ठा दहा-दहाच्या गठ्ठ्यांचाच बांधायला सांगा तिला. शंभर सुट्ट्या काड्यांना एकच रबर लावलं तर ते सोडल्यावर पोरांना दहा दशकं दिसायची नाहीत, नुसता काड्यांचा पसारा दिसेल. हे सगळं आदल्या दिवशी घरी बांधून न्यायचं. तिथे जाऊन बांधत बसली तर अर्धा तास त्यातच जाईल.

मॅडम : सांगते. आणि पत्रात बावन्न वजा अठरा घालते.